नथ कोणत्या नाकपुडीत आहे?

लग्नाची तारीख ठरली, कार्यालय मिळालं, की घरातली तरुण मंडळी इन्स्टाग्राम उघडून फोटोग्राफर शोधायला बसतात. पूर्वी गावातल्या स्टुडिओत जाऊन काउंटरवरचे जाडजूड अल्बम चाळायचे. त्यातली निम्मी लग्नं ओळखीच्यांचीच असायची. नवरीची आत्या शेजारच्या आळीत राहायची, तिला विचारलं की काम कसं झालं, फोटो वेळेवर मिळाले का, सगळं कळायचं. आता फोटोग्राफर नाशिकचा, फोटो उदयपूरच्या महालातले आणि त्यातले नवरा-नवरी कोण, याचा कुणालाच पत्ता नाही. मोबाइलवरच्या नऊ-दहा देखण्या चौकटी बघून इसार दिला जातो. अंतरपाट एकदाच दूर होतो आणि तो क्षण निसटला तर परत मिळत नाही. म्हणून त्या चौकटी खरोखर याच माणसाने टिपल्यात का, हे पैसे देण्याआधी पाहायला हवं.

अल्बमच्या डिझाइनचं काम मी बरीच वर्षं करतो आहे, त्यामुळे नात्यातली, ओळखीतली माणसं असे पोर्टफोलिओ माझ्याकडे पाठवतात. ‘हे फोटो खरे आहेत का हो?’ असं विचारतात. एकट्या फोटोकडे टक लावून बघून या प्रश्नाचं खात्रीचं उत्तर मिळत नाही. तो फोटो ज्या मालिकेतून आला, ती मालिका त्या माणसाकडे आहे का, हे मात्र शोधता येतं. लग्नात कॅमेरा हातात असलेला माणूस एका प्रसंगाचा एकच फोटो कधी काढत नाही. अक्षता पडताना तो सलग दहा-पंधरा फ्रेम घेतो. त्यातल्या तीनमध्ये नवरीचे डोळे मिटलेले असतात, एकीत मामाचा हात आडवा येतो, दोन हललेल्या असतात, आणि एक पानावर झळकते. फोटो चोरणाऱ्याला फक्त ती झळकलेली फ्रेम मिळते. संगणकाकडून चित्र बनवून घेणाऱ्याकडेही तेवढंच चित्र असतं. बाकीच्या फसलेल्या फ्रेम फक्त काढणाऱ्याकडेच असतात.

नाशिकच्या एका ओळखीच्या कुटुंबाचं उदाहरण सांगतो. मुलीचं लग्न होतं. एका तरुण फोटोग्राफरचं पान त्यांना फार आवडलं होतं, आणि त्याने सांगितलेला दर अशा प्रतीच्या कामाच्या मानाने बराच कमी होता. पानावर घाटाच्या पायऱ्यांवर बसलेल्या नवरीचा एक सुरेख फोटो होता. हिरवी नऊवारी, मुंडावळ्या, हातात दिवा. मला पहिल्यांदा खटकली ती नथ. ती उजव्या नाकपुडीत होती. आपल्याकडे नथ डाव्या नाकपुडीत घालतात. मग पदर पाहिला, तर तोही उजव्या खांद्यावर होता. मागे उभ्या असलेल्या माणसाच्या शर्टाचा खिसाही छातीच्या उजव्या बाजूला. तिन्ही गोष्टी एकदम उलट असतील तर फोटो आरशातल्यासारखा फिरवलेला असतो.

फिरवलेला फोटो म्हणजे चोरीच, असं नाही. अल्बमच्या पानावर नवरीचा चेहरा आतल्या बाजूला वळलेला दिसावा म्हणून आम्ही डिझाइनरसुद्धा कधीकधी फोटो फिरवतो. काही फोनच्या सेल्फीही उलट्या साठवल्या जातात. पण फोटोचं मूळ शोधणाऱ्या यंत्राला चकवण्यासाठी चोर जी युक्ती करतो, तीही हीच आहे.

या युक्तीचं जगभर गाजलेलं प्रकरण 2017 मधलं आहे. एडुआर्डो मार्टिन्स नावाचा एक देखणा ब्राझिलियन तरुण इराक, सीरिया, गाझा इथून युद्धाचे फोटो पाठवत होता. आपण कर्करोगातून उठलो आणि संयुक्त राष्ट्रांसाठी काम करतो, असं तो सांगायचा. इन्स्टाग्रामवर त्याचे एक लाखाहून जास्त अनुयायी होते. नामांकित वृत्तसंस्थांनी आणि वेबसाइटनी त्याचे फोटो वापरले, त्याच्या मुलाखती छापल्या. बीबीसी ब्राझीलच्या एका पत्रकाराला शंका आली, चौकशी सुरू झाली, तेव्हा कळलं की त्याला प्रत्यक्ष भेटलेलं कुणीच सापडत नाही. फोटो होते डॅनियल ब्रिट या अमेरिकी छायाचित्रकाराचे आणि इतरांचे. ते आडवे फिरवून, थोडे कापून वापरलेले होते, म्हणून शोधयंत्रांच्या जाळ्यात येत नव्हते. स्वतःचे म्हणून दाखवलेले फोटोही दुसऱ्याच एका माणसाचे होते. मोठमोठ्या संपादकांकडून हे सुटलं, कारण प्रत्येकाने पुढ्यात आलेली चौकट पाहिली. तिच्या आधीची आणि नंतरची चौकट कुणी मागितली नाही.

आता नाशिकच्या फोटोकडे येऊ. शोध घेण्याआधी फोटोची थोडी तयारी करावी लागते. इन्स्टाग्रामवरून स्क्रीनशॉट घेतला की त्यात वर-खाली बटणं, नाव, लोगो येतात. ते सगळं कापून फक्त चित्र ठेवायचं. मग फोनच्या गॅलरीत संपादनाच्या पर्यायातून ते आडवं फिरवून दुसरी प्रत करायची. तिसरी प्रत पार्श्वभूमीची, म्हणजे नवरी वगळून नुसत्या पायऱ्या, दिव्यांची रांग, मागची कमान. या तिन्ही प्रती गुगल लेन्सला वेगवेगळ्या द्यायच्या. लेन्स आधी ‘दिसायला सारखे’ असे ढीगभर फोटो दाखवतं. कुठल्याही नऊवारीतल्या नवरीला ते शंभर बहिणी शोधून देतं. त्यात अडकायचं नाही. Exact matches या विभागात जायचं. त्यानंतर tineye.com वर तोच शोध घ्यायचा. तिथे निकाल Oldest या क्रमाने लावता येतात. ती तारीख मात्र त्या यंत्राला चित्र पहिल्यांदा दिसलं त्या दिवसाची असते, फोटो काढल्याची नव्हे.

तुकडा कापून शोधण्याचं महत्त्व सांगणारं एक प्रकरण थेट मुंबईशी जोडलेलं आहे. अमेरिकी छायाचित्रकार मेरी एलन मार्क यांनी 1978 मध्ये मुंबईच्या फॉकलंड रोडवर राहून तिथल्या स्त्रियांचे फोटो काढले आणि त्यांचं पुस्तक 1981 मध्ये आलं. पुढे सौविद दत्ता या तरुण छायाचित्रकाराने कोलकात्याच्या सोनागाछीत काढलेला म्हणून एक फोटो प्रसिद्ध केला. त्यात मागे उभी असलेली व्यक्ती मार्क यांच्या फोटोतून उचलून चिकटवलेली होती. भारतातल्याच एका वाचक स्त्रीने ती ओळखली, 2017 मध्ये प्रकरण बाहेर आलं आणि दत्ताने ते मुलाखतीत कबूल केलं. अशा जोडकामात अख्खं चित्र यंत्राला दिलं तर ते नवं वाटतं. कोपरा कापून दिला तरच सापडण्याची आशा असते.

नाशिकच्या फोटोची फिरवलेली प्रत दिल्यावर जुळणी सापडली. दुसऱ्या शहरातल्या एका स्टुडिओच्या वेबसाइटवर तोच फोटो होता. तिथे नथ डावीकडे होती, पदर डाव्या खांद्यावर होता. शिवाय त्या फोटोत डाव्या कडेला आणखी दोन दिवे आणि नवरीच्या करवलीचा अर्धा हात दिसत होता, जो नाशिकच्या पानावरच्या प्रतीत नव्हताच. दोन प्रतींत मूळ कोणतं, हे ठरवायला मी तारखेपेक्षा या कडेवर जास्त भरवसा ठेवतो. फोटो कापून लहान करता येतो. ज्याच्याकडे कापलेलीच प्रत आहे, त्याला कडेपलीकडचं काही ठाऊक नसतं. हल्ली कडेपलीकडचा भाग संगणकाकडून रंगवून घेता येतो हे खरं, पण करवलीच्या बांगड्या आणि मेंदी दुसऱ्या एखाद्या फोटोत जशाच्या तशा दिसल्या, तर ती कड खरी.

इतकं सापडलं तरी त्या मुलाला लगेच चोर म्हणता येत नव्हतं, आणि या धंद्यातली ही गोष्ट बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. मोठा स्टुडिओ लग्नाला चार-पाच जण पाठवतो, आणि त्यातले दोन-तीन रोजावर बोलावलेले असतात. त्यांना सेकंड शूटर म्हणतात. त्यांनी काढलेला फोटो स्टुडिओच्या नावाने झळकतो, आणि काही स्टुडिओ त्यांना तो स्वतःच्या पानावर लावायला परवानगी देतात. तेव्हा एकच फोटो दोन ठिकाणी सापडूनही दोघं प्रामाणिक असू शकतात. दुसरा प्रकार कार्यशाळांचा. नटवलेली मॉडेल, भाड्याचे दागिने, आयोजकाने लावलेला प्रकाश आणि भोवती पंधरा फोटोग्राफर, प्रत्येकाने पैसे भरलेले. तिथला फोटो त्याचाच असतो, पण तो लग्नाचा नसतो. पाहुण्यांची गर्दी, भटजींची घाई, हॉलमधले निळे-जांभळे दिवे यांत हा माणूस काय करेल, ते त्यावरून कळत नाही. पानावर तीच नवरी तीन पोशाखांत दिसते आणि एकाही फोटोत आई-वडील नाहीत, असं असेल तर बहुधा कार्यशाळा.

संगणकाकडून बनवलेल्या चित्रांचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण तिथे शोधयंत्राला सापडण्यासारखं मूळच नसतं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत सहा बोटं मोजली की काम भागायचं, ते दिवस गेले. 2023 मध्ये बोरिस एल्डागसेन या जर्मन कलावंताने दोन स्त्रियांचं एक कृष्णधवल चित्र सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्सला पाठवलं, ते निवडलं गेलं, आणि हा कॅमेऱ्याने काढलेला फोटोच नाही असं सांगून त्याने पुरस्कार नाकारला. पुढच्याच वर्षी उलट घडलं. माइल्स ॲस्ट्रे या छायाचित्रकाराने मान पोटाखाली खुपसलेल्या फ्लेमिंगोचा खराखुरा फोटो 1839 अवॉर्ड्समध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विभागात पाठवला आणि तो बक्षीस मिळवून गेला. नंतर तो बादही झाला. परीक्षकांची नजर दोन्ही दिशांनी चुकते. ‘हे चित्र यंत्राचं आहे का’ ते टक्क्यांत सांगणाऱ्या वेबसाइटही चुकतात. आपल्याकडे नवरीची त्वचा इतकी गुळगुळीत करायची पद्धत आहे की खरा फोटोही त्यांना खोटा वाटतो. शिवाय इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप चित्र दाबून लहान करतात, त्यामुळे ज्या बारीक खुणांवर या वेबसाइट चालतात, त्या पुसल्या जातात. काही कॅमेरे आणि सॉफ्टवेअर आता फोटोच्या फाइलमध्ये त्याच्या जन्माची नोंद ठेवतात. लायकाने 2023 मध्ये असा पहिला कॅमेरा बाजारात आणला. पण स्क्रीनशॉट काढला की ती नोंद मागे राहते. नोंद नाही म्हणून फोटो खोटा, असं म्हणता येत नाही.

मराठी लग्नाच्या फोटोत मात्र एक सोय आहे, तपशील फार नेमके असतात. मुंडावळ्या कपाळावरून आडव्या बांधलेल्या आणि दोन्ही कानांशी सरी सोडलेल्या असतात. यंत्र त्यांची कधी बिंदी करतं, कधी नुसती मोत्यांची झालर. मंगळसूत्राच्या दोन वाट्यांची एकच होते, किंवा मधेच पेंडंट येतं. स्वागताच्या फलकावरची देवनागरी अक्षरं नीट वाचून पाहा, तिथे जोडाक्षरांची मोडतोड झालेली असते. पण अशा चुका दिवसेंदिवस कमी होणार आहेत, म्हणून मी त्यांच्यावर विसंबत नाही. मी एकाच नवरीचे दोन-तीन फोटो शेजारी ठेवतो. डाव्या तळव्यावरच्या मेंदीत मोर आहे का? दुसऱ्या कोनातूनही तोच मोर, त्याच जागी आहे का? हिरव्या चुड्यात सोन्याच्या पाटल्या कुठे आहेत, त्या प्रत्येक फोटोत तिथेच आहेत का? शेल्याच्या काठावरची नक्षी बदलते का? खऱ्या लग्नात मेंदी रात्रभर बसून एकदाच काढली जाते आणि सगळ्या फोटोंत तीच असते. यंत्र प्रत्येक चित्रासाठी ती नव्याने काढतं. एकसारखीच ठेवायला सांगितलं तरी बारीकसारीक ठिकाणी ती ढळते. त्या नाशिकच्या पानावर किल्ल्याच्या तटावर उभ्या असलेल्या एका जोडप्याचे तीन फोटो होते. तिन्हींत नवरीचा चेहरा तोच, पण तळहातावरची नक्षी तीन तऱ्हांची.

आता पानावरून उठून माणसाशी बोलायचं. त्या कुटुंबाला मी एवढंच सांगितलं की त्याला भेटायला बोलवा, आणि घाटाच्या फोटोच्या आधीच्या व नंतरच्या चार-पाच फ्रेम त्याच्याच लॅपटॉपवर दाखवायला सांगा. फाइल मागू नका. कॅमेऱ्यातून निघालेली कच्ची फाइल, जिला रॉ म्हणतात, ती देणं फोटोग्राफरला आवडत नाही, आणि त्यात गैर काही नाही; शिजायच्या आधीचं काम तो परक्याच्या हाती का देईल? पडद्यावर दाखवायला मात्र हरकत नसते. निकॉनची रॉ `.NEF`, कॅननची `.CR3`, सोनीची `.ARW` अशी संपते. फाइलच्या नावात कॅमेऱ्याने घातलेला आकडा असतो, `DSC_4127`, मग `DSC_4128`, असा वाढत जाणारा. शेजारी घेतल्याची वेळ सेकंदासकट दिसते. सलग आकडे, काही सेकंदांच्या अंतराच्या वेळा, तीच नवरी किंचित वेगळ्या कोनात, मध्ये एखादी हललेली फ्रेम, हे सगळं जुळून आलं की शंकेला जागा उरत नाही. वेळ आणि कॅमेऱ्याचं नाव खोटं लिहिता येतं, पण न काढलेल्या फोटोच्या आजूबाजूच्या फसलेल्या फ्रेम पैदा करणं फार मेहनतीचं काम आहे.

त्या मुलाने सांगितलं, हार्ड डिस्क बिघडली. असं खरंच होतं, आणि अल्बम दिल्यावर जागा वाचवायला रॉ फाइल पुसून टाकणारे स्टुडिओही पुष्कळ आहेत. म्हणून एवढ्यावर निकाल द्यायचा नाही. रॉ नसल्या तरी गिऱ्हाइकाला दिलेले सहाशे-आठशे तयार फोटो कुठेतरी असतात. त्यातलं कोणतंही एक लग्न हळदीपासून पाठवणीपर्यंत दाखवा, असं म्हणायचं. त्या लोकांचे खासगी क्षण असतात, तेव्हा लिंक पाठवायला फोटोग्राफर नाही म्हणाला तर ते सभ्यपणाचंच आहे. समोर बसून पाहू द्यावं एवढीच मागणी. तो मुलगा एक अख्खं लग्न दाखवू शकला. ते त्याचंच होतं, आणि काम बेताचं होतं. रात्रीच्या वरातीतले चेहरे काळे पडलेले, अंतरपाट दूर झाला त्या क्षणी कॅमेरा पाहुण्यांच्या पाठीमागे अडकलेला. घाटाच्या फोटोबद्दल तो म्हणाला, मी त्या स्टुडिओसाठी सेकंड शूटर होतो. कुटुंबाने त्या स्टुडिओला फोन केला. त्यांनी अशा नावाचा कुणी आमच्याबरोबर नव्हता असं सांगितलं, आणि त्याच फोटोच्या बाजूच्या फ्रेम लगोलग पाठवून दिल्या. करवली तिथे पूर्ण दिसत होती.

मुलाचा दर कमी होता आणि त्याच्या स्वतःच्या कामावर तो कदाचित योग्यच होता. आपलं बेताचं काम त्याने पानावर लावलं असतं, तर छोट्या साखरपुड्यासाठी त्याला कुणीही आनंदाने बोलावलं असतं. मला राग आला तो यासाठी की घाटाच्या फोटोसाठी पहाटे जाऊन दिव्यांची रांग लावणाऱ्या माणसाचं नाव त्या पानावर कुठेच नव्हतं.

जाहिरातीचा, लोगोचा किंवा पत्रिकेचा डिझाइनर ठरवतानाही मागणी हीच, फक्त तिथे शेजारच्या फ्रेमच्या जागी थर असतात. तयार चित्र न पाहता त्याची काम करायची फाइल पडद्यावर उघडायला सांगा. अक्षरं, आकृत्या, रंग वेगवेगळ्या थरांत आहेत का, नाकारलेले पर्याय आणि कच्ची रेखाटनं आहेत का, ते पाहा. सगळं एकाच सपाट चित्रात चिकटलेलं असेल तर मधली वाट कुठे गेली, हा प्रश्न विचारायला हवा.

पोर्टफोलिओ सगळा खरा निघाला तरी एक फसगत उरते. फोटो स्टुडिओच्या मालकाचे असतात आणि लग्नाला भलताच कुणी येतो. म्हणून करारात किंवा निदान व्हॉट्सॲपवर दोन वाक्यं लिहून घ्यावीत: पानावरचे अमुक फोटो कुणी काढले, आणि आमच्या लग्नात मुख्य कॅमेरा कुणाच्या हातात असेल. त्याचबरोबर फोटोंच्या हक्काचंही बोलून घ्यावं. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात, पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. ‘तुमचे फोटो आम्ही आमच्या पानावर लावू’ असं वाक्य फोटोग्राफरच्या कागदावर असतं ते याच कारणासाठी. सही करायच्या आधी ते वाचावं, आणि कुठले फोटो लावायचे नाहीत तेही त्याखाली लिहावं.